न मोडलेली शंभराची नोट

१०३ वजा ४५, उत्तर १५८. तिसरी-चौथीच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना असं उत्तर नवीन नाही. लाल पेनाने फुली मारली जाते, शेजारी ५८ लिहिलं जातं आणि वही पुढे सरकते. मूल ते ५८ पाहतं, मान डोलावतं आणि दुसऱ्या दिवशी २०५ मधून ६७ वजा करताना पुन्हा शंभर जास्तीचं उत्तर आणतं. फुलीने त्याला उत्तर चुकल्याचं कळतं, पण कोणती पायरी चुकली ते कळत नाही.

आता हेच उदाहरण वहीऐवजी एका छापील कागदावर आलं तर? १०३ वजा ४५ पूर्ण सोडवलेलं आहे, मांडणी नीटनेटकी आहे, हातचे वर लिहिलेले आहेत आणि उत्तर १५८ आहे. खाली तीन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. ‘चूक कोणत्या पायरीवर झाली? सोडवणाऱ्याने काय विचार केला असेल? बरोबर करून दाखवा.’ मुद्दाम चूक पेरलेल्या अशा सरावपत्रिका गणिताचे काही शिक्षक वापरतात. त्यांच्या जोडीला शिक्षकासाठी वेगळं स्पष्टीकरणपत्र असतं. पत्रिका वरवर गंमतीची वाटते, पण ती तयार करणं साधी पत्रिका काढण्यापेक्षा बरंच कष्टाचं आहे, कारण चूक पेरायची तर ती खरी असावी लागते.

खरी चूक म्हणजे मुलं जी करतात ती. तेरातून पाच गेले की सात उरतात असं कोणी लिहिलं तर तो हिशेबातला घसरलेला पाय. तेच मूल पुढच्या उदाहरणात आठ लिहील. अशी चूक पत्रिकेत घालून फारसं काही साधत नाही. मुलं ती पटकन शोधतात आणि त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही. दुसऱ्या प्रकारची चूक मात्र नियमाने होते. मुलाने मनाशी एक चुकीचा नियम धरलेला असतो आणि तो ते अगदी शिस्तीने पाळतं. अशा मुलाची दोन उत्तरं पाहिली की तिसरं काय येणार हे आधी सांगता येतं.

हे सांगणं शक्य आहे, असं अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणकावरचा खेळ बनवला होता. संगणक एक चुकीचा नियम मनात धरून विद्यार्थ्याचं सोंग घ्यायचा. समोर बसलेल्या होतकरू शिक्षकाने त्याला उदाहरणं घालायची, चुकलेली उत्तरं पाहायची आणि नियम ओळखायचा. ‘ओळखला’ असं म्हटल्यावर परीक्षा व्हायची: आता काही नवी उदाहरणं त्या मुलाने जशी सोडवली असती तशी, म्हणजे चुकीची, सोडवून दाखवा. दोन-तीन उत्तरं पाहून नियम सापडल्याची खात्री वाटायची आणि परीक्षेत भलतंच निघायचं, असं पुष्कळदा होई.

याच अभ्यासात निकाराग्वातल्या १३२५ शाळकरी मुलांची वजाबाकीची उत्तरं तपासली होती. वारंवार आढळलेल्या चुकीच्या नियमांच्या यादीत पहिला नंबर लागला तो शून्याकडून उसनं घेण्याच्या चुकीचा. आपलं १५८ त्यातलंच.

ते कसं येतं ते पाहू. एककाच्या घरात तीनातून पाच जात नाहीत. दशकाकडे मागायला जावं तर तिथे शून्य. मुलाला शिक्षकांनी फळ्यावर केलेलं आठवतं की अशा वेळी शून्याचा नऊ होतो. ते शून्य खोडून नऊ लिहितं आणि एककातल्या तीनाचे तेरा करतं. तेरातून पाच गेले आठ, नवातून चार गेले पाच, शतकातला एक तसाच खाली उतरला. १५८.

रुपयांत मांडलं की गोम उघडी पडते. १०३ रुपये म्हणजे शंभराची एक नोट आणि रुपयाची तीन नाणी. ४५ द्यायचे तर शंभराची नोट मोडावी लागते. तिच्या दहाच्या दहा नोटा येतात. त्यातली एक पुन्हा मोडली की दहा सुटी नाणी मिळतात. आता हातात दहाच्या नऊ नोटा आणि तेरा नाणी आहेत. शंभराची नोट दुकानदाराकडे गेली. आपल्या मुलाने मात्र दहाच्या नऊ नोटा घेतल्या, सुटे दहा घेतले आणि शंभराची नोटही खिशातच ठेवली. त्याच्याकडे एक शंभर, नऊ दहा आणि तेरा एक, म्हणजे २०३ रुपये झाले. २०३ वजा ४५ बरोबर १५८. मुलाची वजाबाकी चुकलेलीच नाही. त्याने वजाबाकी केली ती वेगळ्याच रकमेतून.

स्पष्टीकरणपत्रात हा हिशेब लिहिलेला असेल तर शिक्षकाला वर्गात काय विचारायचं ते सुचतं. ‘उत्तर चुकलंय’ असं सांगण्याऐवजी ‘ह्याचा ताळा करा’ म्हणता येतं. १५८ मध्ये ४५ मिळवले की २०३ येतात. यायला हवे होते १०३. शंभर जादा कुठून आले? मुलं मांडणीकडे परत जातात आणि कोणीतरी शतकाच्या घरातल्या न खोडलेल्या एकावर बोट ठेवतं. ताळा आपण उत्तर बरोबर की चूक एवढं पाहण्यासाठीच वापरतो. इथे तोच चूक केवढी आणि कोणत्या घरात, हेही सांगतो.

आता अशी एक पत्रिका प्रत्यक्ष तयार करू. इयत्ता चौथी, विषय हातच्याची वजाबाकी, उदाहरणं पाच. दुसऱ्या जागेवर आपलं १०३ वजा ४५ ठेवू. पहिल्या जागेसाठी सगळ्यांत ओळखीची चूक घ्यावी: वर लहान अंक आणि खाली मोठा आला की मूल त्यांची उलटापालट करतं आणि मोठ्यातून लहान वजा करून मोकळं होतं. पहिली-दुसरीत त्याने ‘नेहमी मोठ्यातून लहान काढायचं’ हे शेकडो वेळा ऐकलेलं असतं. तेव्हा ते खरंही होतं. समजा मसुद्यात उदाहरण लिहिलं २५३ वजा ११८. उलटापालट करणारं मूल आठातून तीन काढून पाच लिहील, पाचातून एक चार, दोनातून एक एक. उत्तर १४५. बरोबर उत्तर १३५.

उदाहरण ठीक वाटतं, पण त्यात एक अडचण दडलेली आहे. दुसरं एखादं मूल उसनं घेतं, तेराचे आठ घालवून पाच लिहितं आणि दशकातला एक कमी करायचा विसरतं. त्याचंही उत्तर १४५. आठातून तीन गेले तरी पाच आणि तेरातून आठ गेले तरी पाचच. दोन मुलांच्या डोक्यात दोन वेगळे नियम आहेत आणि कागदावर उत्तर एकच. एकाला उसनं घेणं मुळातच उमगलेलं नाही, दुसऱ्याला ते उमगलंय पण शेवटची पायरी राहते. दोघांना एकच औषध देऊन चालणार नाही. म्हणून तीनाच्या जागी चार करायचा. २५४ वजा ११८ मध्ये उलटापालट करणाऱ्याला १४४ मिळतात, दशक कमी करायला विसरणाऱ्याला १४६ आणि बरोबर करणाऱ्याला १३६. आता उत्तरावरून माणूस ओळखता येतो. पत्रिकेत आपण १४४ छापू.

अंक निवडताना असा एकेक नियम लावून पाहावा लागतो. १०३ वजा ४५ या कसोटीला उतरतं. उलटापालट करणाऱ्याला तिथे १४२ मिळतील, शून्याकडून चुकीचं उसनं घेणाऱ्याला १५८ आणि बरोबर करणाऱ्याला ५८.

तिसरं उदाहरण ५२ वजा २७, उत्तर १५. ही चूक घर आणि शाळा यांच्या मधल्या बोळात जन्मते. शाळेत आज दशक सुटा करून वजाबाकी शिकवतात: पाच दशकांतला एक मोडायचा, वर चार उरतात. आजोबांची रीत वेगळी असू शकते. ‘बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन.’ ते वरच्या संख्येत दहा एकक मिळवतात आणि खालच्या संख्येत एक दशक मिळवतात. दोन्हीकडे दहाच वाढल्यामुळे फरक तोच राहतो. दोन्ही रीती बिनचूक आहेत आणि दोन्हींनी उत्तर २५ येतं. संध्याकाळी आजोबांजवळ बसून अभ्यास करणारं मूल मात्र दोन्ही एकदम करतं. वरच्या पाचाचे चार करतं, खालच्या दोनाचे तीनही करतं आणि चारातून तीन काढून एक लिहितं. एकाच उसन्या दशकाची परतफेड दोनदा झाली. ताळा केला की १५ आणि २७ मिळून ४२ होतात. दहा कमी पडले.

स्पष्टीकरणपत्रात या उदाहरणासमोर ‘आजोबांची रीत चुकीची नाही’ हे वाक्य ठळक असावं. शिक्षक गडबडीत ‘घरचं विसरा, मी सांगतो तसंच करा’ म्हणून गेले तर मुलाच्या मनात घर आणि शाळा यांत उगाच भांडण लागतं. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून ‘एका वेळी एकच’ म्हटलं की काम होतं.

चौथं आणि पाचवं उदाहरण बरोबर सोडवलेलं ठेवायचं. पाचही चुकीची असली तर मुलं विचार न करता प्रत्येकात खोट काढत सुटतात. पाचव्यात नेहमीच्या रीतीने ३४१ वजा १२६ करून २१५ आणलेले आहेत. चौथं जरा खट्याळ आहे: ४०३ वजा ३९८. इथे कोणी उसनंबिसनं घेतलेलं नाही. फक्त लिहिलंय, ‘३९८ पासून ४०० पर्यंत २, ४०० पासून ४०३ पर्यंत ३, म्हणून ५.’ मांडणी ओळखीची नाही, म्हणून काही मुलं त्यावर फुली मारतात. मग शिक्षकाने एवढंच विचारायचं: चूक कोणत्या पायरीवर आहे ते दाखवा. पायरी दाखवता येत नाही आणि फुली मागे घ्यावी लागते.

बरोबर-चुकीची अशी सरमिसळ फार जुनी आहे. भूमितीचा जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युक्लिडने ‘स्यूडारिया’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं. ते आज उपलब्ध नाही. पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या ग्रीक भाष्यकाराने मात्र त्याचा उल्लेख करून ठेवला आहे. नवशिक्यांना फसव्या सिद्धता ओळखता याव्यात म्हणून त्यात खऱ्या आणि खोट्या युक्तिवादांची गाठ घालून सराव दिलेला होता, असं त्याच्या वर्णनावरून दिसतं.

मधल्या काळात या पद्धतीला विरोधही झाला. मुलांसमोर चूक आली की तीच मनात ठसेल, अशी भीती होती. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांच्या प्रभावाखाली जे पायरीपायरीचे पाठ तयार झाले, त्यांत मुलाकडून चूक होऊच नये अशी लहान लहान पावलं आखलेली असत. आजही पालकसभेत एखादी आई विचारतेच: ‘बाई, ह्याला आधीच गोंधळ होतो, त्यात तुम्ही चुकीचं छापून कशाला देता?’

प्रश्न रास्त आहे, आणि संशोधनातून त्याला मिळणारं उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नाही. केली डर्किन आणि बेथनी रिटल-जॉन्सन यांनी चौथी-पाचवीच्या मुलांना दशांश अपूर्णांक शिकवताना एक तुलना केली. काही मुलांनी दोन बरोबर उत्तरं शेजारी ठेवून अभ्यासली, काहींनी एक बरोबर आणि एक चुकीचं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार चुकीचं उत्तर शेजारी ठेवून शिकलेल्यांची समज सरस ठरली. जर्मनीतल्या कॉर्नेलिया ग्रोसे आणि अलेक्झांडर रेंक्ल यांचा २००७ चा अभ्यास मात्र सावध करतो. संभाव्यतेची उदाहरणं चुकांसह दिली तेव्हा ज्यांचा पाया पक्का होता त्यांना लाभ झाला, कच्च्यांना झाला नाही. कच्च्यांना मदत झाली ती चुकीची जागा आधीच ठळक करून दाखवली तेव्हा.

पत्रिकेचे नियम यातूनच ठरतात. हातच्याची वजाबाकी ज्या दिवशी शिकवली त्याच दिवशी ही पत्रिका काढायची नाही. आधी बरोबर सोडवलेली उदाहरणं, मग मुलांचा स्वतःचा सराव, आणि रीत बऱ्यापैकी हाताखाली आल्यावर ही. वर्गात जी मुलं अजून चाचपडत आहेत त्यांच्या प्रतीवर चुकीच्या पायरीभोवती आधीच गोल काढून द्यायचा. त्यांनी चूक शोधायची नाही, ती चूक का आहे ते सांगायचं. चुकीच्या प्रत्येक उदाहरणाशेजारी त्यांनीच लिहिलेलं बरोबर उत्तर आल्याशिवाय पत्रिका परत घ्यायची नाही, म्हणजे घरी जाताना डोळ्यांसमोर १५८ उरत नाही.

आणखी एक पथ्य: एका उदाहरणात एकच चूक. सत्तेचाळीस म्हणताना मराठीत आधी सात येतात, म्हणून ऐकून लिहिताना काही मुलं ७४ लिहितात. ही चूक खरी आहे आणि तिच्यावर वेगळी पत्रिका निघू शकते. पण तीच शून्याच्या उसन्यासोबत एका उदाहरणात घातली तर मुलाला एक सापडते, ते खूश होऊन थांबतं आणि दुसरी तशीच राहते. तसंच छापलेलं चुकीचं उत्तर वर्गातल्या कोणाच्या वहीतून जसंच्या तसं उचलायचं नाही. अक्षर आणि अंक पाहून मुलं बरोबर ओळखतात की ते कोणाचं आहे.

शिक्षकाच्या पत्रात प्रत्येक उदाहरणासमोर पाच गोष्टी पुरतात. दुसऱ्या उदाहरणापुरतं ते असं दिसेल:

बरोबर उत्तर: ५८.
चुकीची पायरी: शून्याचा नऊ झाला, पण शतकातला १ कमी झाला नाही.
मुलाच्या शब्दांत नियम: ‘शून्य आलं की त्याचा नऊ करायचा.’
विचारायचा प्रश्न: नऊ दहाच्या नोटा आणि दहा सुटे आले कुठून? जमलं नाही तर ताळा करायला सांगा.
खात्रीचं उदाहरण: ८०३ − ५०८. नियम अजून तोच असेल तर ३९५ येतील, सुटला असेल तर २९५.

यातली तिसरी ओळ लिहिताना शिक्षकांना सगळ्यांत जड जातं. ‘हातच्याचं संबोध स्पष्ट नाही’ असं लिहिण्याची सवय असते. असं वाक्य कोणत्याही चुकीपुढे चालतं, म्हणून ते कोणतीच चूक सांगत नाही. मूल स्वतःशी काय म्हणत होतं ते त्याच्याच बोलीत लिहिलं की त्या नियमात खरं किती आणि खोटं किती ते दिसतं. शून्याचा नऊ होतो हे खरंच आहे. त्याच्या आधी शंभराची नोट मोडायला लागते, एवढाच भाग गळलेला आहे.

शेवटची ओळही सोडून चालत नाही. पत्रिकेवर चूक ओळखणारं मूल स्वतःच्या वहीत तीच चूक करत राहू शकतं. दुसऱ्याच्या मांडणीत न खोडलेला एक दिसणं वेगळं आणि आपल्या हाताने तो खोडणं वेगळं. म्हणून दोन दिवसांनी, काही न सांगता, फळ्यावर ८०३ वजा ५०८ लिहायचं आणि कोणाच्या वहीत ३९५ येतात ते पाहायचं. वजा करायची संख्या आता शंभरापेक्षा मोठी आहे, त्यामुळे उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं येऊन स्वतःची चुगली करणार नाही. १०३ च्या वेळी ‘अरे, १०३ मधून काढून १५८ कसे?’ हा आधार होता. इथे तो नाही.

पत्रिकेच्या तळाशी एक रिकामी चौकट ठेवता येते. तिथे सूचना अशी: ‘पहिल्या उदाहरणातलं मूल नेहमी मोठ्या अंकातून लहान अंक काढतं. त्याच्यासाठी दोन वजाबाक्या तयार करा. एकीत त्याचं उत्तर चुकलं पाहिजे, दुसरीत बरोबर आलं पाहिजे.’ पहिली सगळ्यांना जमते. दुसरीपाशी वर्ग थोडा वेळ शांत होतो. चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर कसं येईल, असं काही जण मोठ्याने विचारतातही. मग कोणीतरी वरचे सगळे अंक मोठे घ्यायचे हे ताडतं आणि लिहितं, २६८ वजा १४३. त्या मुलालाही १२५, आपल्यालाही १२५. घटकचाचणीत बिनहातच्याची दहा उदाहरणं घातली तर हे मूल दहापैकी दहा गुण घेऊन जाईल, हे त्या चौकटीतल्या उत्तरावरून चाचणी काढणाऱ्या शिक्षकालाही दिसतं.